सगळं पोचलं, असं मी लिहून दिलं

माझी मोठी बहीण आता बोलता बोलता वाक्याच्या मधेच थांबते. श्वास घेते, मग उरलेलं वाक्य पुरं करते. आधी ती अशी नव्हती. आर्णीजवळच्या आमच्या बंजारा तांड्यावर तिचा आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचा. तुरीच्या ओळीतून तिने हाक मारली की मी रस्त्यावर गाडी थांबवायचो. ती अशी थांबायला लागली त्याला कारण आहे आणि त्या कारणात मी आहे. बायकोला यातलं अर्धं सांगितलं. अर्धं सांगणं मला चांगलं जमतं.

यवतमाळात एका धर्मादाय संस्थेचं तपासणी केंद्र आहे, तिथे मी नोकरीला आहे. एक शाखा दिग्रसला. मी डॉक्टर नाही, एक्स-रे काढणाराही नाही. कॉम्प्युटरचं जे काही असेल ते माझ्याकडे. एक्स-रे काढला की मशीनशेजारच्या कॉम्प्युटरवरून तो इंटरनेटने वर जातो आणि क्लाउडमधल्या आमच्या जागेत पडतो. त्या जागेला बकेट म्हणतात. प्रत्येक फोटोला स्वतःचं नाव, नावाच्या सुरुवातीला गाव, मग वर्ष, मग पेशंटचा नंबर. ही बकेट कुठल्या शहरातल्या यंत्रांवर ठेवायची ते आपण ठरवायचं, त्याला रीजन म्हणतात. आमची मुंबईची होती.

दिग्रसची शाखा आधी आमची नव्हती. ती संस्थेने नंतर चालवायला घेतली, तेव्हा तिचे जुने एक्स-रे दुसऱ्याच बकेटमध्ये होते. आमचं क्लाउडचं काम एका एजन्सीकडे होतं, तिच्या माणसाने रेप्लिकेशनचा, म्हणजे आपोआप प्रती पाठवण्याचा, रूल लावून आणि जुन्यांसाठी वेगळं काम चालवून ते सगळे आमच्या मुंबईच्या बकेटमध्ये आणले आणि दिग्रसची बकेट काढून टाकली. तेव्हापासून दिग्रसचे नवे फोटो थेट मुंबईला यायला लागले. हे मला माहीत होतं. पुढच्या सगळ्या गोष्टीत हे एक वाक्य महत्त्वाचं आहे, की हे मला माहीत होतं.

पुढे एजन्सीचा करार संपला. मुंबईची बकेट तिच्याच खात्यात होती, ते खातं बंद होणार होतं. संस्थेने स्वतःचं खातं उघडलं, हैदराबाद रीजनमध्ये नवी बकेट केली आणि अध्यक्षांनी मला बोलावून सांगितलं, "सगळं तिकडे हलवा. एकही फोटो राहायला नको. जमेल ना तुम्हाला, की नागपूरहून माणूस बोलवू?"

जमेल म्हणालो. ते नागपूरचं वाक्य मला लागलं होतं.

काम मी नीटच सुरू केलं. व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या आवृत्त्याही जपून ठेवणं, मुंबईला आधीपासून होतं, ते हैदराबादलाही चालू केलं, त्याशिवाय रेप्लिकेशन होतच नाही. परवानग्या दिल्या. मुंबईवर रूल लावला: इथे जे येईल ते हैदराबादला जावं. लोक इथेच फसतात. रूल लावला त्याच्यानंतर जे येतं तेवढंच तो नेतो, आधीचं जिथल्या तिथे राहतं. आधीच्यासाठी वेगळं, एकगठ्ठा नेणारं बॅच काम लावावं लागतं. मला हे ठाऊक होतं आणि ठाऊक असल्याचा अभिमानही होता.

बॅच काम लावताना ते विचारतं, कोणकोणते घेऊ? जे कधीच पाठवले नाहीत ते, जे पाठवताना फसले ते, जे एकदा पोचलेत ते, आणि जे स्वतःच रेप्लिका आहेत ते. रेप्लिका म्हणजे दुसरीकडून रूलने आलेली प्रत. मी पहिल्या दोघांवर खूण केली. शेवटचा पर्याय वाचला आणि मनात म्हटलं, आपल्याला काय करायच्या प्रतींच्या प्रती. दिग्रसचे जुने फोटो मुंबईत रेप्लिका म्हणूनच पडले होते. रूलने आलेली वस्तू पुढचा रूल आणखी पुढे नेत नाही, तिथेच सोडतो. रूलने ते नेले नाहीत आणि बॅचला मी ते घे म्हणालो नाही.

काम संपलं. अहवाल आला: फसलेलं काही नाही. तो अहवाल खरा होता. जे न्यायला सांगितलं होतं ते सगळं त्याने नेलं होतं.

मी दोन्हीकडचे आकडे पाहिले. मुंबईकडे जास्त होते. हे मी आज कागदावर आणतोय: मला फरक दिसला होता. मग मी स्वतःला समजावलं की मुंबईत जुनी व्हर्जन पडून आहेत, काढून टाकलेल्यांच्या खुणा आहेत, त्या मोजणीत येतात, आकडे जुळणारच नाहीत. यातलं प्रत्येक वाक्य बरोबर आहे, म्हणून तर मला त्याचा आधार घेता आला. खरी रीत अशी, की दोन्ही बकेटची इन्व्हेंटरी, म्हणजे आतल्या सगळ्या नावांची यादी, मागवायची, ती यायला दिवस-दोन दिवस लागतात, मग एकेक नाव नावाशी लावायचं, आकार आणि चेकसम, म्हणजे फाइलचा ओळख-आकडा, पाहायचा. नाव इकडे आहे, तिकडे नाही, असं एकही निघालं तर थांबायचं.

त्याऐवजी मी हैदराबादच्या बकेटमधले मूठभर फोटो उघडून पाहिले. यवतमाळचे उघडले, दिग्रसचेही उघडले. उघडले, कारण ते नवे होते, थेट मुंबईला आलेले होते. जुनं वर्ष उघडायचं मला सुचलं नाही.

एजन्सीच्या माणसाचा फोन आला.

"झालं ना सर? मंग एक ओळ मेलवर टाकून द्या. तुमची ओळ आली का मी बंद करून देतो."

"दोन दिवस थांबता येईल का?"

"थांबू न. पण अध्यक्षसाहेबाइले तुम्ही सांगा, मी नाही सांगत. ते मले विचारून राह्यले काहून लटकलं म्हणून."

होळी तोंडावर होती. आमच्या तांड्यावर होळी पहाटे पेटते, लोक पुण्या-मुंबईहून येतात, मी दरवर्षी आदल्या दिवशी जातो. दोन दिवस थांबायचं म्हणजे अध्यक्षांसमोर उभं राहून सांगायचं, की मला खात्री नाही. मी ओळ लिहिली. सगळे फोटो हैदराबादला पोचले आहेत, तपासले आहे. अध्यक्षांना प्रत जोडून पाठवली आणि गाडी काढली. होळीला बहिणीने माझ्यासाठी गोड करून ठेवलं होतं. "भिया, तुह्यासाठी ठेवलं, नाही तं पोट्टे खाऊन टाकत होते," म्हणाली. घरी आम्ही गोरबोली बोलतो. इथे मी तिचं बोलणं आमच्या भागाच्या मराठीत लिहितो आहे, पण 'भिया' आणि मी तिला म्हणतो ते 'बाई' तसंच ठेवतो, कारण भाऊ म्हटलं की तो मी वाटत नाही.

काही आठवड्यांनी दिग्रसच्या एक्स-रे टेक्निशियन मुलीचा फोन आला. मुलगी म्हणजे पंचविशीतली, लग्न झालेली, शाखा आमची व्हायच्या आधीपासून तिथेच, कामाला चोख.

"सर, जुन्या पेशंटचा फोटो उघडून नाही राह्यला. नाव टाकलं तं काहीच नाही म्हंते."

मी शोधलं. नव्हता. दुसरा शोधला, तिसरा शोधला. मग वर्ष घालून पाहिलं. दिग्रसचं जुनं काहीच नव्हतं. चूक काय झाली ते मला शोधावंही लागलं नाही. बॅचचं ते पान डोळ्यांसमोर आलं, त्यातली मी सोडलेली चौकट आली.

"सर? हाये का?"

"तुमच्याकडून आलेलाच दिसत नाही," मी म्हणालो.

"असं कसं? मी पाठोला न. हिरवी खूण आलती."

"नेट गेलं असेल मधेच."

ती म्हणाली, "मशीनच्या कॉम्प्युटरवर असन सर अजून. सगळे परत पाठवू का?"

तेव्हा दोन वाटा उघड्या होत्या. एक ही. दुसरी, एजन्सीचं खातं. बंद केल्यावरही काही काळ ते परत उघडता येतं, तो काळ अजून संपला नव्हता. एक फोन करायचा होता. पण सगळे फोटो परत यायला लागले असते तर पहिला प्रश्न हाच असता, की आधीचे कुठे गेले. माझी ओळ अध्यक्षांच्या मेलमध्ये होती.

"नको, राहू द्या," मी म्हणालो. "मी बघतो."

मी काही बघितलं नाही. खातं परत उघडायची मुदत गेली. पावसाळ्यात दिग्रसला नवं मशीन आलं, जुना कॉम्प्युटर भंगारात गेला. कोणा डॉक्टरने तक्रार केली तेव्हा अध्यक्षांनी त्या मुलीला यवतमाळला बोलावून सर्वांसमोर झापलं, की तू फोटो पाठवलेच नाहीत आणि खोटं बोलतेस. मी त्याच खोलीत होतो, खिडकीजवळ. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा चहा उचलला. पुढल्या महिन्यात तिला घरी बसवलं.

माझ्या बहिणीला काही वर्षांपूर्वी टीबी झाला होता. औषधं पूर्ण घेतली, बरी झाली. औषधं संपल्यावरचा तिचा एक्स-रे दिग्रसलाच काढलेला, ती शाखा आमची व्हायच्या आधी, मीच पाठवलं होतं तिला तिकडे. त्याची फिल्म तिने घरी ट्रंकेत ठेवली होती. एका ग्रहणाला तांड्यावरच्या पोरांनी ती मागितली, डोळ्यांपुढे धरून सूर्य पाहायला. तिने मला फोन करून विचारलं होतं. "कापू दे," मी सांगितलं होतं, "तुझा फोटो माझ्याकडे वर आहे, तो कुठे जात नाही." तिने कात्रीने तुकडे करून सगळ्या पोरांना वाटले.

त्या हिवाळ्यात तिला खोकला धरला. मी तिला आमच्याच केंद्रात आणलं. उजव्या फुप्फुसात वर एक डाग दिसला. छातीचे डॉक्टर आमच्याकडे आठवड्यातून येतात, भले माणूस आहेत. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून फोटो उजेडात दाखवला.

"जुना एक्स-रे हवा मला," ते म्हणाले. "हाच डाग तेव्हाही एवढाच असेल तर तो टीबीचा व्रण. हात लावायचं काम नाही, घरी जा. तेव्हा नसेल तर मात्र सुई घालून तुकडा तपासावा लागेल. आणि बाई, तुमची फुप्फुसं आधीच फाटकी आहेत. सुई मला टाळता आली तर बरं."

बहीण हसली. "मंग कायचं टेन्शन हाये साहेब? माहा फोटो याच्यापाशीच तं हाये. हाच ठेवते सगळ्या दुनियेचे."

मी उठलो. कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसलो. शोधलं नाही. शोधायचं काय होतं? पंख्याखाली थोडा वेळ बसून राहिलो, म्हणजे शोधायला जेवढा लागतो तेवढा वेळ जावा. परत येऊन म्हणालो, "दिग्रसवरून आलेला नाही."

"दिग्रसचं हे नेहमीचंच," डॉक्टर म्हणाले.

"असं कसं?" बहीण म्हणाली. "त्या पोरीनं तं माह्यासमोर बटन दाबलं. म्हणे, गेला मावशी तुमचा फोटो वर. मी पाह्यलं न."

"नेट गेलं असेल, बाई," मी म्हणालो. तेच वाक्य, दुसऱ्यांदा.

ती माझ्याकडे पाहत राहिली. संशय नव्हता त्यात. तिला वाटलं, मी काळजीत आहे म्हणून माझा आवाज असा आहे.

नागपूरला सीटी झाली, मग सुई. सुईने फुप्फुसाला छिद्र पडलं, हवा भरली. नळी घातली. नळीच्या जागी पू झाला. ती तिथे किती दिवस होती हे मी मोजलं नाही, वॉर्डच्या बाहेरच्या बाकावर माझी जागा ठरून गेली होती एवढं आठवतं. तुकड्याचा रिपोर्ट मधेच कधीतरी आला. जुना व्रण. दुसरं काही नाही. भाचा आनंदाने रडला, मला मिठी मारली, म्हणाला, "मामा, तुमच्यामुळे टायमावर झालं सगळं." मी त्याची पाठ थोपटली.

ती घरी आली ती ही अशी. ते फुप्फुस पुन्हा पुरतं उघडलं नाही. शेतापर्यंत जाणं बंद झालं. होळीच्या गाण्यात ती पुढे असायची, आता खाटेवर बसून ओठ हलवते.

दरम्यान मी दोन्हीकडच्या यादीचं ते काम शिकून घेतलं होतं, खरं म्हणजे येत होतं, करू लागलो. आता काहीही हलवायचं असलं की इन्व्हेंटरी येईपर्यंत मी कोणालाही हो म्हणत नाही. एकेका वस्तूचं स्टेटस पाहतो. अध्यक्ष परवा म्हणाले, "तुमच्याएवढा चिकट माणूस नाही बुवा." त्या चिकटपणाचा माझ्या बहिणीला काही उपयोग नाही.

या वर्षी तुरी निघाल्यावर मी तांड्यावर गेलो. ती उन्हात सूप घेऊन बसली होती. मी शेजारी बसलो आणि सांगितलं. बकेट, रूल, रेप्लिका, हे सांगत बसलो नाही. म्हटलं, तुझा फोटो यवतमाळला आला होता. माझ्याकडून पुढे न्यायचा राहिला. मी न पाहताच लिहून दिलं की सगळं पोचलं. नंतर कळलं तेव्हा गप्प बसलो.

सूप थांबलं.

"म्हंजे पोरीनं पाठोला होता."

"हाव."

"आन् तुले माहीत होतं."

"हाव."

"डॉक्टरापुढे मी बसली होती," तिने श्वास घेतला, "तवाबी?"

"हाव, बाई."

ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तिला येतात, चांगल्या येतात. तिने सुपातला एक खडा काढून लांब फेकला. मग पुष्कळ वेळ तुरीच निवडत राहिली. मी तिथेच बसून. सून चहा घेऊन आली, आमच्याकडे पाहून कप ठेवून निघून गेली.

"त्या पोरीले कामावरून काढलं न तुम्ही?"

'तुम्ही' म्हणाली ती. आयुष्यात पहिल्यांदा.

"हाव."

"तिले सांगतलं?"

"नाही."

"मंग माह्यापाशी कायले आला पह्यले? मी तं तुही बहीण हाये, मी काय करणार हाये तुले?" पुन्हा श्वास. "उद्या दिग्रसले जाऊ."

मी म्हटलं मी एकटा जातो, तुला बसचा त्रास होईल. तिने मान वर केली नाही. "तू एकटा गेला तं अर्धं सांगशीन."

दिग्रसच्या बाजारात एका चष्म्याच्या दुकानात ती मुलगी आता काउंटरवर असते. आम्ही गेलो तेव्हा एका म्हाताऱ्याला चष्मा घालून पाहत होती. मला ओळखलं आणि चेहरा बंद केला. बहिणीला ओळखलं नाही. म्हातारा गेल्यावर मी सांगितलं, उभ्यानेच. या वेळी पूर्ण सांगितलं.

ती काउंटरवरची पुसायची पिवळी फडकी घडी करत होती. घडी मोडून पुन्हा करत होती.

"मी म्हटलं होतं न सर, मशीनवर हायेत, परत पाठवते."

"हो."

"मंग नको काहून म्हटलं?"

"परत पाठवले असते तर आधीचे कुठे गेले, हे विचारलं असतं."

"कोणाले?"

"मला."

तिने हसल्यासारखं केलं. "माह्या सासरी अजून म्हणतात, हिनं सरकारी असल्यागत काम केलं म्हणून हाकललं. माह्या बापानं तिकडे यवतमाळले जाऊन हात जोडले होते, माहीत हाये तुम्हाले? तुम्ही होते तिथं?"

होतो. तेही सांगितलं.

तेव्हा बहीण पुढे झाली. काउंटरला हात टेकून उभी राहिली. "पोरी, मले नाही ओळखलं? टीबीवाली. तू माह्यासमोर बटन दाबलं होतं."

मुलीने तिच्याकडे नीट पाहिलं. "मावशी? तुम्ही तं किती..."

"दाबलं होतं न?"

"दाबलं होतं, मावशी. हिरवी खूण आलती."

"मी पाह्यलं होतं. मी सगळ्याइले सांगीन, का मी पाह्यलं होतं."

मुलीने स्टूल ओढून तिला बसायला दिलं, पाणी दिलं. मला कोणी बस म्हटलं नाही. मला माफ केलं की नाही हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. निघताना ती एवढंच म्हणाली, "सर, हे तुम्ही इथं दुकानात सांगतलं. मले इथं नोकरी हायेच. जिथं मले चोर केलं तिथं सांगा."

बसस्टँडपर्यंतचा रस्ता थोडाच आहे, पण बहीण दोनदा थांबली. दुसऱ्यांदा एका कापसाच्या गाडीच्या आडोशाला, सावलीत. मी तिची पिशवी घेतली होती. यवतमाळची गाडी लागलेली दिसत होती.

"अध्यक्षाइले..." ती म्हणाली आणि श्वास अडकला. मी थांबून राहिलो. गाडीचा कंडक्टर ओरडत होता, लोक चढत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने तो काढला नाही. छाती वरखाली होत होती आणि उरलेलं वाक्य तिच्या आतच कुठेतरी होतं.

"...तू सांगशीन, का मी सांगू?"

"मी सांगतो."

"आजच," ती म्हणाली, आणि गाडीकडे चालू लागली. "माह्यासमोर."